एकच वाटण, दोन गंज : मटणाचा सावजी रस्सा आणि पाटोडी सोबत कशी जमवायची?

अमेय_मानेवाडा
नमस्कार मंडळी. घरी आम्ही दोघंच, बायको पक्की शाकाहारी आणि मी रविवारी मटण नसलं तर रविवार झाला असं मानत नाही. स्वयंपाक रविवारी माझ्याकडे. तिचा घरात मटण शिजण्याला विरोध नाही, पण एक कढई, एक पळी चालत नाही आणि ते बरोबरच आहे. तिला पाटोडी रस्सा आवडतो म्हणून मी ठरवलं की कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदाच करायचं, मसाला एकदाच भाजायचा आणि मग अर्धा इकडे अर्धा तिकडे. वेळ तर वाचतो, पण गंमत अशी होते की त्याच मसाल्यात मटणाचा रस्सा मस्त लागतो आणि पाटोडीचा रस्सा पाणचट, तिखट असून पाणचट म्हणजे तुम्हाला समजलं असेल. मीठ वाढवलं, तिखट वाढवलं, नुसता घसा जळतो, चव बसत नाही. तर प्रश्न दोन : मसाला नेमका कुठल्या पायरीला वेगळा करायचा, आणि शाकाहारी रश्श्याला अंग कसं आणायचं?

तर्रीवाला
भाऊ सोपं आहे. पूर्ण रस्सा एकत्रच कर, पाणी वगैरे घालून उकळी आण, मग अर्धा दुसऱ्या गंजात काढ. मटण कुकरला हळद-मीठ घालून वेगळं शिजवून ठेवायचं आणि आपल्या अर्ध्यात टाकून दहा मिनिटं उकळायचं. आम्ही असंच करतो. वाटण तर मी १५ दिवसांचं करून ठेवतो, वरून तेल ओतलं की बरणी बाहेर राहिली तरी काही होत नाही.

शरयू_महाल
तर्रीवाले भाऊ, बरणीचं नंतर बोलते, आधी अमेयच्या प्रश्नाचं बोलू. मी बरीच वर्षं घरून रविवारच्या ऑर्डर केल्या आहेत, मटण आणि पाटोडी दोन्ही, आणि वाटण एकच असायचं. त्यामुळे थोडं सांगू शकते.

अमेय, तुझा रस्सा पाणचट लागतो त्यात मसाल्याचा काही दोष नाही. मटणाच्या रश्श्यात अर्धं काम मटणच करतं ना. चरबी सुटते, हाडं शिजली की त्यातला चिकटपणा पाण्यात उतरतो, म्हणून तो रस्सा ओठाला लागतो आणि तिखट गोल वाटतं. पाटोडीच्या गंजात तू तोच मसाला घेतला आणि साधं नळाचं पाणी ओतलं, तर तिखटाला धरून ठेवायला तिथे काहीच नाही. मग मीठ वाढव की तिखट वाढव, फरक पडत नाही.

उपाय म्हणजे साध्या पाण्याऐवजी हरभऱ्याच्या डाळीचं पाणी. अर्धी वाटी डाळ तासभर भिजव, चार साडेचार वाटी पाण्यात हळद आणि दोन थेंब तेल घालून शिजव, डाळ दाण्याला दाणा राहिली पाहिजे, पिठलं नको. वरचं पाणी गाळून घे, तीन वाटीच्या आसपास निघतं, ते रश्श्याला. डाळ फेकायची नाही, दुसऱ्या दिवशी डाळकांदा. शिवाय एक मोठा चमचा बेसन थोड्या तेलावर मंद आचेवर खमंग होईपर्यंत भाजून डाळीच्या पाण्यात कालवून घाल. काही घरी ज्वारीचं पीठ भाजून घालतात, तेही चालतं पण जरा जास्त पडलं की आंबील होते. आणि वाटणात खोबरं-खसखस पाटोडीच्या वाट्याला थोडं जास्त जाऊ दे, कारण तेल तिथून येणार आहे.

कॉटनमार्केट_सकाळ
आमच्याकडे उलट आहे. मी शाकाहारी आणि मिसेस अंडं खाते, पण चातुर्मासात कांदा-लसूण दोघांनाही बंद. तेव्हा हे वाटण कसं करायचं? कांद्याऐवजी कोबी किसून भाजतात असं ऐकलंय.

निलू_गोकुळपेठ
दादा हा धागा चातुर्मासाचा नाही हो 😄 पण सांगते, कोबी नको, वास येतो. भोपळा किसून चांगला कोरडा होईपर्यंत परत आणि शेंगदाणे-तीळ-खोबरं वाढव. सावजी लागणार नाही, पण रस्सा होतो.

शरयू_महाल
आता कधी वेगळं करायचं. हे जास्त महत्त्वाचं आहे आणि इथे मी तर्रीवाल्यांशी सहमत नाही.

आधी वाटण. दोन-तीन रविवार पुरेल इतकं करायचं तर कांदे १ किलो, सुकं खोबरं १५० ग्राम, खसखस ५० ग्राम, लसूण १०० ग्राम, आलं ५० ग्राम. कांदा उभा पातळ चिरून तेलावर चॉकलेटी होईपर्यंत, काळा नाही. खोबरं वेगळं भाजायचं, आणि ते गॅसवरून उतरवल्यावरही गरम कढईत करपत राहतं म्हणून रंग आला की लगेच ताटात ओत. खसखस कोरडी भाजून कोमट पाण्यात अर्धा तास भिजव, नाहीतर मिक्सर कितीही फिरवा ती दाताखाली येते. हे सगळं कमीत कमी पाण्यात बारीक वाटायचं. साधारण पाऊण किलो वाटण होतं. टमाटर यात घालायचं नाही, ज्या दिवशी लागेल त्या दिवशी घाल. आणि हे वाटताना मटणाचं काही ओट्यावर काढायचंच नाही, मग मिक्सरच्या भांड्याचा प्रश्नच येत नाही.

रविवारी अर्धा किलो मटण आणि दोन जणांपुरती पाटोडी असेल तर पावणेदोन वाटी वाटण काढ. कढईत तेल हात सोडून घाल, अर्धी वाटी तरी. तेजपान, वाटण, मंद ते मध्यम आच आणि १२-१५ मिनिटं हलवत राहा. आधी वाटण तेल पिऊन घेईल, तेव्हा बरेच जण घाबरून पाणी घालतात आणि तिथेच कच्चेपणा राहून जातो. थांब. बाजूने तेल परत बाहेर आलं, गोळा पळीसोबत फिरायला लागला आणि कांद्याचा उग्र वास जाऊन खोबऱ्याचा वास यायला लागला की झालं. मग गॅस बारीक कर, तिखट आणि सावजी मसाला घाल, एक मिनिट, त्यापेक्षा जास्त नाही, तिखट जळलं की रस्सा काळपट आणि कडू.

इथेच वेगळं करायचं, पाण्याचा थेंबही घालायच्या आधी. आणि आधी पाटोडीचा वाटा काढायचा, पाऊण वाटी तरी, स्वच्छ पळीने दुसऱ्या गंजात, सोबत वरचं तेलही थोडं जास्त घेऊन. उरलेल्या कढईत मटण. एकदा मटण पडलं की त्या कढईतून काहीच परत शाकाहारी गंजाकडे जात नाही, ना पळी, ना चवीचा चमचा. हा क्रम ठेवला की घोळ होत नाही.

तर्रीवाला
पण ताई मटण वेगळं शिजवून शेवटी टाकलं तर फरक काय पडतो? शिजणार तर आहेच. वेळ माझ्या पद्धतीत कमी लागतो.

शरयू_महाल
पडतो ना भाऊ. हळद-मीठ-आलं-लसूण लावलेलं कच्चं मटण मसाल्यात मोठ्या आचेवर परततो तेव्हा त्याचं पाणी सुटतं, ते पाणी मसाल्यातच आटतं आणि मग परत तेल दिसतं, दहा एक मिनिटं लागतात. तिथे जी चव तयार होते ती उकडलेल्या मटणाला नंतर दहा मिनिटं उकळून येत नाही. रस्सा वेगळा आणि बोटी वेगळी लागते. त्यानंतर तीन वाटी गरम पाणी, गरमच, थंड नको, आणि त्याच मसाल्यासकट कुकरला, किंवा पहिल्यापासून कुकरमध्येच कर. कोवळं बोकड असेल तर ४ शिट्ट्या आणि मग बारीक गॅसवर १० मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्यायची.

चिकनला मात्र तुमचं म्हणणं चालून जातं. ते २० मिनिटांत शिजतं, मसाला आत जायचा तेवढा जातोच, तिथे एकत्र रस्सा करून मग वेगळा केला तरी मोठं नुकसान नाही. अंड्याला तर तसंच करावं, उकडलेली अंडी चिरा देऊन शेवटी सोडायची.

वर्धारोड_सुहास
मी थोडा वेगळा विचार मांडतो. तिखट-मसाला घातल्यावर वेगळं करण्यापेक्षा नुसतं वाटण भाजून झालं की वेगळं करावं आणि कोरडे मसाले दोन्हीकडे वेगवेगळे घालावे. मटणाला लवंग-मिरे-जायपत्री जास्त झेपते, पाटोडीला तेवढी घातली तर औषधासारखं लागतं. आणि ज्यांच्या घरी एकाला तिखट कमी लागतं त्यांना तर हाच मार्ग आहे. माझ्या घरी मी मटण खातो पण तिखट माझ्यापेक्षा बायको जास्त खाते, म्हणून वाटण सारखं आणि तिखट ज्याचं त्याचं.

शरयू_महाल
हे पटलं. मी ऑर्डरच्या हिशोबाने एकत्र घालायची कारण हाताखाली वेळ नसायचा. घरी दोघांसाठी करायचं तर सुहासदादांची पद्धत जास्त नाजूक आहे. फक्त तिखट दोन्हीकडे तेलातच पडलं पाहिजे, पाणी घातल्यावर वरून तिखट भुरभुरलं तर तर्री येत नाही, रंग खाली बसतो. पाटोडीच्या गंजात मसाला कमी असला तरी तेल हवंच.

तर्रीवाला
माझ्या बरणीचं राहिलं ताई. वर तेल असलं की हवा लागत नाही, बुरशी येत नाही. आमचं लोणचं नाही का टिकत.

शरयू_महाल
हवा लागत नाही हे खरं, म्हणून बुरशी दिसत नाही. पण लोणच्यात मीठ आणि आंबटपणा भरपूर असतो, या वाटणात दोन्ही नाही, ओला लसूण-आलं आहे. तेलाखाली हवा नसलेल्या जागी वाढणारे जंतू असतातच, ते वास देत नाहीत, रंग बदलत नाहीत आणि विषबाधा वाईट होते. तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवू नये असं सांगतात ते यामुळेच. त्यात नागपूरचा मे महिना, ओट्यावर ठेवलेलं दूध दुपारपर्यंत फाटतं. फ्रीजमध्ये ४ दिवस, त्याच्या वर जायचं तर फ्रीझर. पसरट पिशवीत पाऊण-पाऊण वाटीचे चपटे भाग करून गोठवायचे, म्हणजे लागेल तेवढंच काढता येतं आणि पटकन सुटतं. दोन महिने ठीक, नंतर खोबऱ्याला खवट वास मारायला लागतो, गोठवलं तरी. लाइट जाऊन पूर्ण वितळलं असेल तर त्या दिवशी वापरून टाका, परत गोठवू नका.

तर्रीवाला
बरं, बरणी फ्रीजमध्ये गेली. पण मला अजून वाटतं तुम्ही लोक जास्त घाबरता.

धंतोली_आजोबा
आमच्या वेळी असे दोन-दोन गंज नव्हते. ज्याला मटण खायचं असेल त्याने बाहेर सावजीत जाऊन खावं, घरी एकच भाजी. भांडीही कमी.

निलू_गोकुळपेठ
आजोबा, भांडी तुम्ही घासायचा का?

धंतोली_आजोबा
नाही.

अमेय_मानेवाडा
रविवारी केलं, रिपोर्ट देतो. इतवारीच्या किराणा ओळीतून ताजी खसखस आणि भिवापुरी मिरचीचं तिखट आणलं होतं. सुहासदादांच्या पद्धतीने वाटण भाजून वेगळं केलं, तिकडे दीड चमचा सावजी मसाला आणि दोन चमचे तिखट, इकडे पाऊण चमचा मसाला आणि दोन चमचे तिखट. डाळीचं पाणी घातलं आणि शरयूताई, खरंच, पहिल्यांदा पाटोडीच्या रश्श्याला अंग आलं, वर तर्री तरंगली, बायकोने दोनदा वाटी भरून घेतली. मटणही मसाल्यातच शिजवलं, हे आणि आधीचं यात फरक आहे, मान्य.

आता तक्रार. पाटोड्या रश्श्यात सोडून झाकून ठेवल्या, मटणाची वाफ जाईपर्यंत अर्धा तास गेला आणि तेवढ्यात अर्ध्या विरघळल्या, बाकीच्या रस्सा पिऊन फुगल्या, गंजात रस्सा कमी आणि पिठलं जास्त. बेसन १ वाटी, पाणी अडीच वाटी घेतलं होतं.

शरयू_महाल
पाणी जास्त झालं आणि वाट बघितली, दोन्ही. १ वाटी बेसनाला दोन वाटी पाणी, त्याच्या वर नको. फोडणीत हिंग, जिरं, लसूण-मिरचीचा ठेचा, मीठ, पाणी उकळलं की गॅस बारीक करून बेसन भुरभुरत एका हाताने घोटत राहायचं. गुठळ्या मोडल्या की झाकण ठेवून चार-पाच मिनिटं वाफ, मग परत घोटायचं. ओल्या बोटाने लावून बघ, बोटाला चिकटलं तर कच्चं आहे. चिकटलं नाही, कडेने सुटलं, की तेल लावलेल्या ताटात थापायचं, वर किसलेलं खोबरं-सांभार, आणि पूर्ण थंड झाल्यावरच कापायचं. गरम कापलेली पाटोडी रश्श्यात सुटतेच.

आणि ती रश्श्यात उकळायची नाही. ताटात पाटोडी ठेवायची, वरून कडक गरम रस्सा. रस्सा नेहमी वाटतो त्यापेक्षा वाटीभर पातळ ठेवायचा कारण पाटोडी ताटातही पिते. अशाने तुला वेळेचं गणितही सोपं पडेल, पाटोड्या सकाळीच थापून ठेव, वाटण गोठवलेलं आहे, राहिलं काय तर फक्त मटण.

मिसेस_मानेवाडा
नमस्कार, मी ती शाकाहारी बायको. यांनी धागा दाखवला म्हणून अकाउंट काढलं. रस्सा खरंच छान झाला होता, पण कोणी एक गोष्ट बोललं नाही. कढई वेगळी, पळी वेगळी, तरी सोमवारी त्याच कुकरमध्ये वरण लावलं की मला मटणाचा वास येतो. हे म्हणतात तुझ्या डोक्यात आहे.

निलू_गोकुळपेठ
अजिबात डोक्यात नाही ताई! कुकरची रबराची रिंग वास धरून ठेवते, कितीही घासा. झाकण आणि भांडं स्टीलचं असेल तर त्याचा वास जातो, रिंगेचा नाही. शंभर-दीडशे रुपयांत दुसरी रिंग मिळते, एक मटणाची, एक तुमची, मटणाच्या रिंगेला दोरा बांधून ठेवा म्हणजे घाईत चूक होणार नाही. शिट्टी सुद्धा उकळत्या पाण्यातून काढा, रस्सा तिथपर्यंत उडतो. लाकडी पळी आणि लोखंडी कढईचंही तेच, लोखंडी कढई तेल पिते, ती एकाच कामाला ठेवा. स्टीलला एवढं करायची गरज नाही.

मिसेस_मानेवाडा
ऐकलं का हो?

अमेय_मानेवाडा
ऐकलं. उद्या सीताबर्डीतून रिंग आणतो.

वर्धारोड_सुहास
जवसाचं तेल कोणी वापरतं का अजून? जुने सावजी स्वयंपाकी त्यातच करायचे असं म्हणतात. मी घाण्याचं आणून बघितलं, मटणात मस्त लागलं पण पाटोडीच्या रश्श्यात त्याचा वास फारच वर आला. कदाचित वाटण जवसाच्या तेलात भाजून वेगळं करणं चुकीचं असेल, दोन्हीकडे तेल वेगळं हवं. मग वाटण भाजायचं कुठल्या तेलात?

शरयू_महाल
माझ्या आईकडे जवसाचं होतं, पण ते पाटोडीलाही तेच वापरायचे आणि कोणाला वास येत नव्हता, सवयीचा भाग असेल. आता मी शेंगदाण्याच्या तेलात भाजते आणि मटणाच्या बाजूला थोडं जवसाचं घालते. याने बरोबर जमतं असं छातीठोक नाही सांगत.

तर्रीवाला
जवसाचं तेल गरम केलं की धूर लवकर येतो, मसाला कडू होतो. मी तरी सोयाबीनमध्येच करतो.

वर्धारोड_सुहास
धूर येतो हे खरं. म्हणून मंद आचेवर, पण मंद आचेवर मटणाचं पाणी आटत नाही. अडकलो इथेच.

मिसेस_मानेवाडा
शरयूताई, त्या उरलेल्या डाळीचा डाळकांदा यांनी केला नाही, फ्रीजमध्ये तशीच आहे, शुक्रवारपर्यंत चालेल का? आणि त्याला हेच वाटण वापरू की नुसता कांदा?

शरयू_महाल
डाळ बुधवारपर्यंत संपव. वाटण चमचाभरच, डाळकांद्यात कांदा उभा चिरलेला दिसला पाहिजे, दोन मोठे कांदे, लाल नको, नुसते मऊ. तिखट कांद्यावर घाल, मग डाळ, अर्धी वाटी पाणी, आणि सांभार उतरवताना.